मॉकच्या मार्कांवरून नीटची रँक कशी काढायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेस्ट सिरीज सुरू झाली की हे प्रश्न यायला लागतात आणि रिझल्टपर्यंत येतच राहतात, काही मुलांचे, बरेचसे पालकांचे. उत्तरं नीट यूजी डोळ्यासमोर ठेवून लिहिलीत कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच असते, जेईई मेनसाठी शेवटचा प्रश्न बघा. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. मॉकमध्ये ५५० आलेत, नीटमध्ये रँक किती येईल?

नुसत्या ५५० वरून सांगता येत नाही, आणि जो एकच आकडा सांगतो त्याने कुठल्यातरी एका वर्षाचं टेबल उघडून त्यातली ओळ वाचून दाखवलेली असते. अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली, मॉकचे ५५० आणि नीटचे ५५० हे वेगवेगळ्या पेपरचे मार्क आहेत, मॉक सोपा किंवा अवघड काढलेला असू शकतो. दुसरी, खुद्द नीटचे ५५० सुद्धा दर वर्षी वेगळ्या रँकला असतात. २०२४ मध्ये ५५० ला ऑल इंडिया रँक दीड लाखाच्या आसपास होती, २०२५ मध्ये तेच मार्क बारा हजारांच्या आसपास आले. एकाला सरकारी कॉलेजची आशा सोडावी लागली आणि दुसऱ्याला चांगलं कॉलेज मिळालं, मार्क तेच.

म्हणून मार्कांवरून रँक असं न विचारता जागेवरून रँक असं विचारायचं, म्हणजे मॉक देणाऱ्यांमध्ये तुम्ही ज्या जागी आहात त्या जागेवर गेल्या वर्षी जी मुलं होती ती खऱ्या परीक्षेत कुठे पोहोचली. हे कसं करायचं ते प्रश्न ५ मध्ये आकड्यांसकट आहे.

२. पण एकाच परीक्षेचं टेबल दर वर्षी एवढं कसं हलतं?

६०० मार्क घेऊन बघा. २०२३ मध्ये ६०० ला रँक साधारण २८ हजार होती, २०२४ मध्ये साधारण ८० हजार झाली आणि २०२५ मध्ये साधारण तेराशे. मुलांची संख्या यातून फार काही समजावत नाही, २०२३ ला २०.३८ लाख बसले होते, २०२४ ला २३.३३ लाख आणि २०२५ ला २२.०९ लाख, म्हणजे पाच-पंधरा टक्क्यांचा फरक, रँक मात्र कित्येक पटींनी हललीये.

मुख्य कारण पेपर. २०२४ ला सिलॅबस कमी झाला होता आणि पेपर तयारी झालेल्या मुलांना सोपा गेला, इतका की सुरुवातीला ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते, नंतर सुधारित रिझल्टमध्ये १७ राहिले. २०२५ ला फिजिक्स खूप लांबलचक आणि अवघड आलं, पहिल्या आलेल्या मुलालाच ६८६ होते. शिवाय पॅटर्नही बदलला. २०२१ ते २०२४ मध्ये २०० प्रश्नांतले १८० सोडवायचे असत, सेक्शन बी मध्ये चॉइस होता, आणि २०२२ पासून वेळ २०० मिनिटं होती. २०२५ पासून चॉइस गेला, १८० प्रश्न सगळे कम्पल्सरी आणि वेळ १८० मिनिटं. चॉइसमुळे न येणारे प्रश्न सोडून देता यायचे, तो आधार गेला की वरच्या मुलांचे मार्क खाली येणारच.

३. मग तीन-चार वर्षांची सरासरी काढली तर बरोबर येईल ना?

नाही, आणि हे बऱ्याच प्रेडिक्टरमध्ये आत चाललेलं असतं म्हणून सांगतो. ६०० ला ८० हजार आणि तेराशे यांची सरासरी चाळीस हजार आणि थोडं वर येते, आणि ६०० मार्कांना चाळीस हजार रँक या दोन्हीपैकी कुठल्याच वर्षी नव्हती. सोपा पेपर आणि अवघड पेपर यांची सरासरी काढून मधला पेपर तयार होत नाही.

वेगवेगळी वर्षं वापरायचीच असतील तर प्रत्येक वर्षाची रँक वेगळी लिहा आणि वर मथळा द्या, सोपा पेपर आला तर ही, अवघड आला तर ही. ते जास्त प्रामाणिक आहे आणि घरी बोलायलाही सोपं जातं.

४. मॉकचे कोणते मार्क धरायचे, सगळ्यात चांगले, शेवटचे की सरासरी?

शेवटच्या पाच-सहा फुल सिलॅबस टेस्टची सरासरी. सगळ्यात चांगली टेस्ट धरली तर रँक हमखास फुगते, कारण त्या दिवशी अंदाजाने टिकमार्क केलेले प्रश्न बरोबर आले, आवडीचे चॅप्टर आले, असं सगळं एकत्र जुळून आलेलं असतं आणि ते परत जुळेल याची खात्री नसते. शेवटची एकच टेस्ट धरणंही तसंच, चांगली गेली तर घरात आनंद आणि वाईट गेली तर रडारड, दोन्ही एका दिवसावरून.

काही टेस्ट मुळातच बाजूला काढा: पार्ट सिलॅबसच्या, वेळेचं बंधन न पाळता घरी दिलेल्या, आणि ज्यातले प्रश्न आधी रोजच्या सरावाच्या डीपीपी मध्ये किंवा सीनियरच्या पेपरमध्ये बघितलेत अशा. डिसेंबरच्या आधीच्या टेस्ट पण नकोत, तोपर्यंत ड्रॉपर म्हणजे बारावीनंतर वर्षभर थांबून परत परीक्षा देणाऱ्या मुलांचा सिलॅबस एकदा झालेला असतो आणि बारावीच्या मुलांचा अर्धा बाकी असतो, त्यामुळे तेव्हाची जागा नंतर बरीच बदलते.

५. मार्क नाही तर जागा, म्हणजे नक्की करायचं काय?

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. यातले बॅचचे आकडे पद्धत समजावी म्हणून घेतलेत, कुठल्या खऱ्या क्लासचे नाहीत.

समजा एका मुलीचे शेवटच्या पाच टेस्टचे मार्क ५४८, ५७२, ५३१, ५६० आणि ५४९ आहेत, सरासरी ५५२. तिच्या बॅचमध्ये ४०० मुलं याच पाच टेस्ट देतात आणि सगळ्यांच्या सरासरीची यादी लावली तर ती ३० वी येते. ३० भागिले ४०० म्हणजे वरून साडेसात टक्क्यांवर. इथे ५५२ चं काम संपलं, यापुढे तो आकडा लागतच नाही.

आता गेल्या वर्षीची बॅच घ्या, तिच्यात ५०० मुलं होती. ५०० च्या साडेसात टक्के म्हणजे साधारण ३७ वी जागा. पण त्या एका ३७ व्या मुलाची रँक बघून थांबायचं नाही, एका मुलाचं काहीही होऊ शकतं, परीक्षेच्या दिवशी ताप आला, ओएमआर मध्ये गोल चुकले, किंवा उलट पेपर एकदम जमून गेला. म्हणून त्याच्या वरची १० आणि खालची १० धरा, म्हणजे २७ ते ४७ जागांवरची २१ मुलं. या २१ जणांच्या नीटच्या खऱ्या ऑल इंडिया रँक कागदावर चढत्या क्रमाने लिहा. समजा सहावी रँक ९,५०० आहे, अकरावी म्हणजे बरोबर मधली १७,००० आणि सोळावी ३१,०००, सगळ्यात चांगली ३,८०० आणि सगळ्यात मागची ७४,०००.

तर या मुलीचं उत्तर असं, मधला अंदाज १७ हजार, निम्मी शक्यता साडेनऊ ते एकतीस हजारांच्या मधे, आणि बाहेर जायची शक्यताही निम्मीच. याच मुलीने ५५२ थेट २०२५ च्या टेबलात टाकले असते तर साडेअकरा हजारांच्या आसपास आली असती आणि २०२४ च्या टेबलात टाकले असते तर दीड लाखाच्या आसपास. त्यापेक्षा हे उत्तर तिच्या बॅचच्या अनुभवातून आलेलं आहे, आणि मॉक सोपा होता का अवघड हा प्रश्न मधे येतच नाही कारण सगळ्या बॅचने तोच पेपर दिलाय.

एक गोष्ट मात्र खरी असावी लागते, दोन्ही वर्षांची बॅच साधारण एका ताकदीची हवी. क्लासने यंदा स्कॉलरशिप टेस्ट लावून निवडक मुलं घेतली असतील किंवा ड्रॉपर वाढले असतील तर यंदाची ३० वी जागा गेल्या वर्षीच्या ३७ व्या जागेपेक्षा भारी आहे, आणि रँक अंदाजापेक्षा पुढे येईल. उलटंही होतं, क्लास मोठा झाला आणि सरसकट प्रवेश दिले तर.

६. आमच्या क्लासकडे मागच्या बॅचचा डेटा नाही, किंवा ते देत नाहीत. मग?

मग गेल्या वर्षीचा खरा नीटचा पेपर वापरा, हा माझ्या मते सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात भरवशाचा रस्ता आहे. २०२५ चा पेपर घ्या, दुपारी दोन ते पाच बसून ओएमआर वर सोडवा, परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या फायनल आन्सर की वरून मार्क काढा आणि २०२५ च्याच टेबलात बघा. पेपरही तोच आणि टेबलही त्याच पेपरचं, त्यामुळे मॉकचे मार्क आणि नीटचे मार्क वेगळे असण्याची पहिली अडचण इथे राहत नाही. आलेल्या रँकला त्या वर्षी बसलेल्या मुलांच्या संख्येने भागलं की तुम्ही वरून किती टक्क्यांवर आहात ते कळतं, आणि तो टक्का पुढच्या वर्षी न्यायला चालतो, मार्क चालत नाहीत.

अट एकच, तो पेपर आधी बघितलेला नको. बहुतेक मुलांनी गेल्या वर्षीचा पेपर चॅप्टरप्रमाणे फोडून सोडवलेला असतो, आणि मग ४०-५० मार्क आयते मिळून जातात. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच एक पेपर ठरवून राखून ठेवा. जुन्या वर्षाचा पेपर घेणार असाल तर त्याच्याच नियमाने द्या, २०२३ चा असेल तर २०० मिनिटं आणि सेक्शन बी चा चॉइस, नाहीतर त्या वर्षाच्या टेबलाशी तुलना होत नाही.

७. टेबलमध्ये ५० मार्कांच्या अंतराने ओळी आहेत, मधल्या मार्कांची रँक कशी काढू?

सरळ मध्य काढू नका, इथे खूप जण चुकतात. २०२५ ची आकडेवारी बघा, ६८६ ते ६५१ मध्ये ७३ मुलं, ६५० ते ६०१ मध्ये १,२५९ आणि ६०० ते ५५१ मध्ये १०,६५८. बेरीज करत गेलं तर ६०१ मार्कांपर्यंत १,३३२ मुलं आणि ५५१ पर्यंत ११,९९०. आता बरोबर मधले ५७६ मार्क घ्या. सरळ मध्य काढला तर रँक ६,६६१ येते. पण मुलं या पट्ट्यात सारखी पसरलेली नाहीत, ६०० च्या जवळ विरळ आहेत आणि ५५१ कडे दाटी आहे, म्हणजे ५७६ च्या वर निम्म्यापेक्षा बरीच कमी मुलं आहेत. प्रत्येक मार्काला रँक ठरावीक संख्येने नाही तर ठरावीक पटीने वाढते असं धरलं तर उत्तर खऱ्याच्या खूप जवळ जातं. तसं केल्यावर ५७६ ला सुमारे ४,००० येतात. साडेसहा हजार आणि चार हजार, फरक लहान नाही.

शीटमध्ये वरच्या ओळीचे मार्क A2 आणि रँक B2, खालच्या ओळीचे A3 आणि B3, तुमचे मार्क D2 मध्ये ठेवा:

```
=B2*(B3/B2)^((A2-D2)/(A2-A3))
```

हे वरच्या भागात चांगलं चालतं. खाली २००-२५० मार्कांकडे गेलात की तिथे मुलं बऱ्यापैकी सारखी पसरलेली असतात आणि दोन्ही पद्धतींत फारसा फरक राहत नाही. टेबलच्या बाहेर मात्र हे सूत्र ओढू नका, शेवटच्या दोन ओळींचा चढ पुढे तसाच राहत नाही.

८. रेंज एवढी मोठी कशाला, नक्की सांगता येत नाही का?

प्रश्न ५ मधल्या मुलीचेच मार्क घ्या. पाच टेस्टमध्ये ती ५३१ ते ५७२ मध्ये हललीये, स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण १५. खरी परीक्षा ही अजून एक टेस्ट, ती पण तेवढीच हलणार, आणि आपली सरासरी पण पाचच टेस्टवरून काढलीये म्हणून तिची चूक वेगळी, सगळं धरून साधारण १७ मार्क वर किंवा खाली हे अगदी नॉर्मल आहे. तिचा अभ्यास तोच, तयारी तीच, फक्त दिवस वेगळा.

आता १७ मार्क रँकमध्ये बघा. २०२५ च्या टेबलात ५५२ ला साधारण ११,५०० आणि ५६९ ला साधारण ५,४००. म्हणजे १७ मार्कांत रँक निम्म्याहून कमी झाली. एक प्रश्न चुकीचा असण्याऐवजी बरोबर आला तर ५ मार्कांचा फरक पडतो, चार वाढतात आणि मायनसचा एक वाचतो, तर हे सगळं साडेतीन प्रश्नांवर आहे. त्यामुळे जो प्रेडिक्टर तुम्हाला ११,४७४ असा आकडा दाखवतो त्यातल्या शेवटच्या तीन आकड्यांना काही अर्थ नाही, आणि पहिल्या दोनांवरही फार विसंबू नका.

रेंज कमी करायचा उपाय म्हणजे सारख्या नियमाने दिलेल्या जास्त टेस्ट, पण एका दिवसाचं हलणं त्याने जात नाही, ते शेवटपर्यंत राहतं.

९. टेस्ट सिरीजमध्ये माझी ऑल इंडिया रँक ४०० आली, नीटमध्येही तेवढीच येईल का?

ती ऑल इंडिया रँक त्या टेस्टला बसलेल्या मुलांमधली आहे. २० हजार मुलांत ४०० म्हणजे वरचे दोन टक्के, पण म्हणून २२ लाखांच्या दोन टक्के म्हणजे ४४ हजार असंही करायचं नाही. पैसे भरून शेवटपर्यंत टेस्ट देणारी मुलं सरासरीपेक्षा बरीच पुढची असतात, त्यामुळे अशा गुणाकाराने रँक खूप मागे येते आणि मुलं उगाच खचतात. आणि ४०० तशीच ठेवली तर दुसऱ्या टोकाला जाता, कारण ती टेस्ट न देणारी, दुसऱ्या क्लासची शेकडो चांगली मुलं त्या यादीत नाहीतच.

खरी रँक या दोनांच्या मधे कुठेतरी असते आणि नक्की कुठे हे फक्त त्याच सिरीजच्या मागच्या वर्षीच्या मुलांवरून कळतं. म्हणून सिरीजवाल्यांना विचारताना "गेल्या वर्षी किती सिलेक्शन" असं विचारू नका, "गेल्या वर्षी शेवटच्या फुल टेस्टमध्ये ३५० ते ४५० रँक असलेल्या सगळ्या मुलांची नीटची रँक काय आली" असं विचारा. सगळ्या हा शब्द महत्त्वाचा, नाहीतर बॅनरवरच्या पाच मुलांचे आकडे मिळतात.

१०. ही टेबलं बनवतात कुठून? डेटा खरा असतो का?

एनटीए दर वर्षी प्रत्येक मार्काला किती रँक असं पूर्ण टेबल देत नाही. मग लोक मुलांनी पाठवलेल्या स्कोअरकार्डवरून आणि काही राज्यांच्या मेरिट लिस्टवरून, जिथे मार्क आणि ऑल इंडिया रँक दोन्ही छापलेले असतात, टेबल उभं करतात. दोन्हीतून आलेल्या जोड्या खऱ्याच असतात, एका मुलाची रँक आणि मार्क खोटं बोलत नाहीत, त्यामुळे नीट जमवलेलं टेबल भरवशाचं असतं. गडबड होते ती वर्ष न लिहिलेल्या टेबलांत आणि "अपेक्षित" म्हणून दिलेल्या टेबलांत, ती कुणाच्यातरी मनातली असतात.

२०२४ ची गोष्ट वेगळी आहे. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून एनटीएने २० जुलै २०२४ ला सेंटरप्रमाणे सगळ्या मुलांचे मार्क नावाशिवाय टाकले, म्हणजे त्या वर्षाची मोजणी पूर्ण करता येते. पण वापरताना लक्षात ठेवा, फिजिक्सच्या एका प्रश्नाला दोन उत्तरं धरली होती, ती एकच धरायचा निर्णय नंतर झाला आणि सुधारित रिझल्ट २६ जुलैला आला. चार लाखांहून जास्त मुलांचे त्यात ५ मार्क गेले. २० जुलैच्या फाइलवरून बनवलेलं टेबल आणि फायनल स्कोअरकार्ड यांच्या रँक म्हणून जुळत नाहीत, विशेषतः वरच्या भागात.

११. यंदा दोन लाख मुलं वाढली तर रँक किती मागे जाईल?

वाटतं त्यापेक्षा खूप कमी. २२ लाखांचे २४ लाख झाले आणि नवीन मुलं सगळ्या थरांत सारखी आली असं धरलं तरी रँक ९ टक्क्यांनी मागे जाते, १७ हजारांची साडेअठरा हजार. प्रत्यक्षात वाढलेल्यांत बरीच मुलं नुसती बसून बघणारी असतात, वरच्या भागात तेवढीही वाढ होत नाही. प्रश्न ८ मधल्या रेंजपुढे हा फरक दिसतही नाही. फॉर्मची संख्या बघून झोप घालवू नका, आणि गणित करायचंच असेल तर फॉर्म भरलेले नाही, प्रत्यक्ष बसलेले धरा.

१२. सारखे मार्क असलेल्या मुलांना वेगळी रँक कशी? माझी त्यात पुढे की मागे?

टाय झाला की आधी बायोलॉजीचे मार्क बघतात, मग केमिस्ट्री, मग फिजिक्स, आणि त्यानंतर चुकीच्या आणि बरोबर उत्तरांचं प्रमाण. याचा परिणाम किती हे त्या मार्कांना किती गर्दी आहे त्यावर. २०२५ ला ५५१ ते ६०० मध्ये एका मार्काला सरासरी दोनशेच्या वर मुलं होती, म्हणजे बायोलॉजी चांगली असेल तर शे-दोनशे रँकचा फायदा. २०२४ मध्ये वरती खूप गर्दी होती तिथे हाच फायदा मोठा होता. मॉकवरून अंदाज काढताना हे सोडून द्या, रिझल्ट आल्यावर बघा.

१३. कटऑफवरून पेपर सोपा की अवघड ते कळतं, मग त्यावरून रँक सरकवू का?

हे सुचायला अगदी साहजिक आहे आणि यातच फसायला होतं. जनरलचा क्वालिफाइंग कटऑफ ५० पर्सेंटाइलला असतो, म्हणजे बसलेल्यांपैकी बरोबर मधल्या मुलाचे मार्क. २०२२ ला ते ११७ होते, २०२३ ला १३७, २०२४ ला १६२ आणि २०२५ ला १४४. २०२४ ते २०२५ मध्ये मधला मुलगा फक्त १८ मार्कांनी खाली आला. पण बाराव्या हजारातला मुलगा याच काळात शंभराहून जास्त मार्कांनी खाली आला. शिवाय २०२५ चा मध्य २०२३ पेक्षा ७ ने वरच आहे, त्यावरून कुणी म्हणेल २०२५ सोपा होता, आणि ६०० ची रँक २८ हजारांवरून तेराशेवर आली होती.

कारण असं की अवघड, लांब फिजिक्सचा फटका जो फिजिक्समध्ये मार्क घेतो त्यालाच बसतो. मधल्या मुलाचे मार्क बहुतेक बायोलॉजीतून आलेले असतात, फिजिक्सचा पेपर कसाही आला तरी त्याचं फार काही जात नाही. म्हणून मधल्या मुलावरून वरच्या मुलांचं सरकणं मोजता येत नाही. तुम्ही ज्या भागात आहात त्या भागातल्या मुलांचे मार्क किती हलले तेच बघावं लागतं.

१४. परीक्षा झाली, आन्सर की वरून ५१० येतायत, आता तरी नक्की रँक सांगता येईल?

आता तुमच्या मार्कांची शंका गेली, ओएमआर नीट भरलं असेल तर ५१० म्हणजे ५१०. उरली ती यंदाचं टेबल कसं असेल ही शंका, आणि ते अजून कुणाकडेच नाही. पहिल्या आठवड्यात जे सर्व्हे फिरतात त्यात चांगले मार्क आलेली मुलं जास्त भरतात, वाईट गेलेली मुलं मोबाइल बंद करून बसलेली असतात, त्यामुळे सर्व्हेवरून रँक खूप मागची दिसते.

परत बॅचच कामाला येते. तुमच्या आसपासच्या जागांवरच्या १५-२० मुलांचे आन्सर की चे मार्क गोळा करा. गेल्या वर्षी त्याच जागांवरच्या मुलांना खऱ्या नीटमध्ये ५४० च्या आसपास होते आणि यंदा सगळ्यांना ४९५ च्या आसपास येत असतील तर त्या भागात टेबल ४५ मार्कांनी खाली आलंय, म्हणजे तुमचे ५१० गेल्या वर्षीच्या ५५५ सारखे. मग ५५५ ची गेल्या वर्षीची रँक बघा. एकट्या मुलाच्या मार्कांवरून हे करू नका, आणि वीस जणांपैकी दोघा-तिघांचे आकडे विचित्र असतील तर मधला आकडा घ्या, सरासरी नको.

१५. ऑल इंडिया रँक कळली, पण कॅटेगरी रँक आणि राज्यातली रँक?

यासाठी मॉककडे परत जायची गरज नाही. गेल्या वर्षी तुमच्याच कॅटेगरीच्या ज्या मुलाची ऑल इंडिया रँक तुमच्या अंदाजाएवढी होती त्याची कॅटेगरी रँक स्कोअरकार्डवर असते, तीच धरा. राज्यासाठी राज्याच्या मेरिट लिस्टमध्ये ती ऑल इंडिया रँक कितव्या नंबरला आहे ते मोजा. ही प्रमाणं दर वर्षी मार्कांसारखी उड्या मारत नाहीत. फक्त एक प्रमाण सगळ्या रँकना लावू नका, पहिल्या पाच हजारांत आणि पन्नास हजारांच्या पुढे ते वेगळं असतं. आणि रेंजची दोन्ही टोकं बदलून बघा, नुसता मधला आकडा नको, कारण कॉलेजची लिस्ट भरताना मागच्या टोकाला कोणतं कॉलेज मिळतं हेच जास्त कामाचं असतं.

१६. एखादा प्रेडिक्टर चांगला की वाईट हे कसं तपासू?

ज्या वर्षाचं उत्तर आपल्याला माहीत आहे ते वर्ष त्याला द्या, पण प्रेडिक्टरने ते वर्ष बघितलेलं नसावं. म्हणजे २०२३ च्या टेबलावरून २०२४ चा अंदाज काढा आणि खऱ्याशी लावून बघा: ६०० ला अंदाज २८ हजार, खरं ८० हजार. २०२४ वरून २०२५ काढा: अंदाज ८० हजार, खरं तेराशे. नुसतं मार्क-रँक टेबल या परीक्षेत सपशेल नापास होतं. प्रश्न ५ ची जागेची पद्धतही अशीच तपासा, दोन वर्षांपूर्वीच्या बॅचवरून गेल्या वर्षीच्या बॅचचा अंदाज काढा आणि किती मुलं सांगितलेल्या रेंजमध्ये आली ते मोजा. निम्म्या शक्यतेची रेंज दिली असेल तर साधारण निम्मी मुलं आत यायला हवीत. खूपच कमी आली तर रेंज अरुंद आहे, आणि बाहेर गेलेली सगळी एकाच बाजूला असतील तर बॅचची ताकद बदललीये.

१७. जेईई मेनला पण हेच सगळं करायचं का?

अर्धं काम तिथे आधीच झालेलं असतं. तिथे शिफ्टप्रमाणे पर्सेंटाइल देतात, त्यामुळे खऱ्या रिझल्टवरून रँक काढणं सोपं: १०० मधून पर्सेंटाइल वजा करा, १०० ने भागा आणि बसलेल्यांच्या संख्येने गुणा. २०२५ ला दोन्ही सेशन मिळून साधारण पावणेपंधरा लाख मुलं होती, तर ९९ पर्सेंटाइलला साधारण १४,७५०. फायनल रँक दोन सेशनमधल्या चांगल्या स्कोअरवर लागते म्हणून खरी रँक यापेक्षा थोडी मागे-पुढे होते.

मॉकवरून मात्र अडचण तीच राहते, मॉकचे मार्क ते पर्सेंटाइल हे टेबल शिफ्टगणिक वेगळं असतं, सकाळच्या शिफ्टला १८० ला जो पर्सेंटाइल मिळतो तो दुपारच्या शिफ्टला २०० ला मिळू शकतो. त्यामुळे पद्धत प्रश्न ५ चीच, फक्त गेल्या वर्षीच्या २१ मुलांच्या रँकऐवजी त्यांचे पर्सेंटाइल लिहा, आणि दोन सेशन दिलेल्यांचा जानेवारीचा आणि एप्रिलचा वेगळा लिहा, कारण जानेवारीत तुमच्या जागेवर असलेली मुलं एप्रिलपर्यंत किती सरकली हेही त्याच कागदावर दिसतं.